पैसे आले, पार्सल कधी निघालं? ऑर्डरच्या डेटातून उशीर आणि रद्द होण्याचा संबंध कसा काढायचा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: माल उशिरा निघाला की गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करतं. खरंही असेल. पण हे डेटातून दाखवायला बसलं की बहुतेक जण पहिल्या अर्ध्या तासातच चुकतात. चूक गणिताची नसते. रद्द झालेली ऑर्डर बहुतेक वेळा दुकानातून निघालेलीच नसते, त्यामुळे तिचा ‘पैसे ते पाठवणी’ हा वेळच अस्तित्वात नसतो. जो आकडा नाही त्याची तुलना कशाशी करणार? हा लेख या एका अडचणीतून वाट कशी काढायची याबद्दल आहे.

सरावासाठी ब्राझीलच्या ऑलिस्ट या कंपनीने खुला केलेला डेटा घेऊ. तो कॅगलवर फुकट मिळतो. त्यात 2016 ते 2018 या काळातल्या 99,441 ऑर्डरी आहेत आणि प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळ्या रकान्यात आहे. आपल्याकडच्या दुकानांचा इतका स्वच्छ डेटा सहसा बाहेर येत नाही. मात्र या डेटाची एक मोठी उणीवही आहे. ती पुढे येईल, आणि तिथून आपण एका कोल्हापुरी दुकानात जाऊ.

घड्याळ कुठे सुरू करायचं, कुठे थांबवायचं

ऑलिस्टच्या `olist_orders_dataset.csv` मध्ये आपल्या कामाचे तीन रकाने आहेत. `order_purchase_timestamp` म्हणजे गिऱ्हाईकाने ऑर्डर दिली ती वेळ, `order_approved_at` म्हणजे पेमेंट मंजूर झालं ती वेळ आणि `order_delivered_carrier_date` म्हणजे माल कुरियरच्या हातात गेला ती वेळ.

पुष्कळ जण घड्याळ ऑर्डर दिल्यापासून सुरू करतात. ब्राझीलमध्ये तर ते फारच महागात पडतं, कारण तिथे बोलेतो नावाचा पैसे भरण्याचा एक प्रकार आहे. बारकोड असलेली पावती निघते, गिऱ्हाईक ती नंतर बँकेत किंवा मोबाइलवरून भरतं आणि पैसे जमा झाल्याचं कळायला आणखी वेळ जातो. हे दोन-तीन दिवस दुकानदाराच्या खात्यावर उशीर म्हणून टाकले तर बोलेतोने विकणारे सगळे आळशी ठरतील. म्हणून घड्याळ `order_approved_at` पासूनच सुरू करायचं.

आपल्या दुकानाचा डेटा असेल तर हीच काळजी वेगळ्या नावांनी घ्यावी लागते. पेमेंट गेटवेमध्ये ‘ऑथराइज्ड’ आणि ‘कॅप्चर्ड’ या दोन वेगळ्या अवस्था असतात. पैसे खरे आले ते कॅप्चर झाल्यावर. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी या हिशेबातून सरळ बाहेर काढा, कारण तिथे पैसे पाठवणीनंतर येतात आणि घड्याळ उलटं चालतं. दुसऱ्या टोकाला, लेबल छापलं किंवा एडब्ल्यूबी, म्हणजे कुरियरचा पार्सल नंबर पडला म्हणून माल निघाला असं नाही. लेबल सकाळी अकराला छापून पार्सल दोन दिवस काउंटरखाली पडलेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि सिस्टिमच्या मते ते त्याच दिवशी ‘शिप्ड’ होतं. कुरियरचा पहिला पिकअप स्कॅन हीच थांबण्याची वेळ.

आणखी एक बारीक गोष्ट. गेटवेची वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये येते आणि कुरियरची भारतीय वेळेत. दोन्ही एका पट्टीवर न आणता वजाबाकी केली की प्रत्येक ऑर्डरवर साडेपाच तासांचा खोटा उशीर चढतो. मध्यक पाच-साडेपाच तासांच्या आसपास आला आणि दुकान तर दुपारी दोनलाच पिकअप देतं म्हणत असेल, तर आधी हे तपासा.

वजाबाकीच्या आधी रिकाम्या जागा मोजा

वेळ काढण्याआधी कुठल्या अवस्थेतल्या किती ऑर्डरींना कुठली वेळ आहे ते पाहा. पाच ओळींचं काम आहे:

```python
import pandas as pd
t = ["order_purchase_timestamp", "order_approved_at",
     "order_delivered_carrier_date"]
o = pd.read_csv("olist_orders_dataset.csv", parse_dates=t)
print(o.groupby("order_status")[t].count())
```

`count()` फक्त भरलेल्या जागा मोजतो, म्हणून हा तक्ता खूप काही सांगतो. `canceled` अवस्थेत एकूण 625 ऑर्डरी आहेत. त्यातल्या 141 ना पेमेंट मंजुरीची वेळच नाही, म्हणजे पैसे आल्याची नोंदच नाही. मग ‘पैसे आल्यावर उशीर झाला’ हे कारण त्यांना लागू होऊच शकत नाही. त्या बाजूला ठेवल्या की 484 उरतात. आता शेवटचा रकाना पाहा: 625 पैकी फक्त 75 ऑर्डरी कुरियरपर्यंत पोचल्या होत्या.

इथे थांबून विचार करा. कुणी घाईत सरासरी काढली, “रद्द झालेल्या ऑर्डरींचा पाठवणीचा वेळ अमुक, पोचलेल्यांचा तमुक”, तर पहिली सरासरी या 75 मधून आली. या तर माल निघून गेल्यावर रद्द झालेल्या ऑर्डरी. त्यांच्या रद्द होण्यामागे वाटेतला विलंब, पत्ता, मन बदलणं असं काहीही असेल. ज्या ऑर्डरी दुकानात वाट पाहत असताना रद्द झाल्या, ज्यांच्यासाठी आपण हा खटाटोप करतोय, त्या पांडाजने रिकाम्या म्हणून गुपचूप वगळल्या. चेतावणी येत नाही, आकडा मात्र येतो.

यावर उपाय म्हणून काही जण रिकाम्या जागी डेटा काढला त्या दिवसाची तारीख भरतात. ते याहून वाईट. आता रद्द झालेल्या ऑर्डरींना शेकडो दिवसांचा ‘उशीर’ मिळतो आणि उशीर आणि रद्द यांचा संबंध भिंतीसारखा पक्का दिसतो, कारण तो आपणच हाताने बांधलेला असतो.

`unavailable` ही दुसरी अवस्था विसरू नका. त्यात 609 ऑर्डरी आहेत आणि एकही कुरियरकडे गेलेली नाही. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ही ऑर्डर बुडालीच, फक्त शिक्का वेगळा आहे. तिला रद्दमध्ये धरायचं की नाही हे आधी ठरवा आणि निष्कर्षासोबत लिहून ठेवा, कारण बुडालेल्या ऑर्डरींचा आकडा त्याने जवळजवळ दुप्पट होतो.

दोन किरकोळ साफसफाया. हजारावर ऑर्डरींमध्ये कुरियरची वेळ मंजुरीच्या आधीची आहे, म्हणजे वजाबाकी ऋण येते. मंजुरीची नोंद मागाहून पडली असावी असा माझा अंदाज आहे. त्या काढून टाकू नका, कारण त्या बहुधा झटपट निघालेल्या ऑर्डरी आहेत. वेळ शून्य धरा आणि एक खूण लावून ठेवा. आणि डेटाची दोन्ही टोकं कापा: सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये मोजक्याच ऑर्डरी आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या रद्द. ती कंपनीवर आलेली आपत्ती नव्हे, डेटा जिथे संपतो तिथला कचरा आहे. जानेवारी 2017 ते ऑगस्ट 2018 हा तुकडा ठीक आहे.

ऑलिस्ट इथवरच नेतो

आता ती उणीव. ऑलिस्टच्या डेटात ऑर्डर रद्द झाली हे कळतं, कधी झाली ते कळत नाही. रद्द झाल्याच्या वेळेचा रकानाच नाही. त्यामुळे एखाद्या ऑर्डरीने रद्द होण्याआधी किती वाट पाहिली हे या डेटातून निघत नाही, कितीही हुशार मॉडेल लावलं तरी.

आडवाटेने एक गोष्ट मात्र करता येते: ऑर्डरीऐवजी विक्रेत्याची सवय मोजायची. प्रत्येक ऑर्डरीसाठी त्याच विक्रेत्याच्या आधीच्या, समजा 60 दिवसांतल्या, निघालेल्या ऑर्डरींचा मध्यक वेळ काढायचा. तो त्या विक्रेत्याचा त्या दिवशीचा वेग झाला. मग वेगानुसार ऑर्डरींचे चार गट पाडून प्रत्येकात किती टक्के रद्द झाल्या ते पाहायचं. ‘आधीच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्ण काळाचा मध्यक घेतला तर उद्याची माहिती आजच्या ऑर्डरीला चिकटते.

यातही एक खड्डा आहे. विक्रेत्याचं नाव `olist_order_items_dataset.csv` मध्ये आहे आणि 775 ऑर्डरींची त्या फाइलमध्ये ओळच नाही. त्यातल्या 603 `unavailable` आणि 164 `canceled` आहेत. दोन फाइली नेहमीच्या पद्धतीने जोडल्या तर बुडालेल्या ऑर्डरींचा मोठा हिस्सा जोडणीतच गळतो. रद्द झालेल्या 625 मधल्या 461 उरतात, आणि `unavailable` तर 609 पैकी अवघ्या सहा. म्हणून जोडणीनंतर अवस्थेनुसार ओळी पुन्हा मोजायच्याच. उत्तरातही स्पष्ट लिहायचं की हे फक्त विक्रेता माहीत असलेल्या रद्द ऑर्डरींबद्दल आहे, ‘माल उपलब्ध नाही’ हा भाग यात जवळपास नाही.

विक्रेत्यावार टक्केवारीच्याही नादी लागू नका. एकूण रद्द होण्याचं प्रमाण साधारण 0.6 टक्के आहे, म्हणजे 50 ऑर्डरींच्या विक्रेत्याकडे अर्धीसुद्धा अपेक्षित नाही. एक पडली की तो यादीत ‘सर्वांत वाईट’, नाही पडली तर ‘सर्वोत्तम’. गटांनीच पाहायचं. आणि गट पाडताना महिना तरी वेगळा ठेवा: 24 नोव्हेंबर 2017 च्या ब्लॅक फ्रायडेला ऑर्डरींचा पूर आला होता, आणि मे 2018 च्या अखेरीस ब्राझीलच्या ट्रकचालकांचा संप होता. अशा आठवड्यांत उशीरही वाढतो आणि रद्दही, आणि दोन्हींचं मूळ तिसरीकडेच असतं.

रद्द झाल्याची वेळ असेल तर: दिवसावार तक्ता

तुमच्या दुकानाच्या पॅनेलमध्ये ऑर्डर रद्द झाल्याची तारीख-वेळ बहुधा असतेच. ती असली की काम सोपं होतं आणि खरं उत्तर मिळतं. उदाहरणासाठी कोल्हापुरातलं चपलांचं एक दुकान धरू, आधी पैसे भरलेल्या हजार ऑर्डरी. (आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत.)

प्रत्येक ऑर्डरीला दोन गोष्टी द्यायच्या. पैसे आल्यापासून कितव्या दिवशी तिचं वाट पाहणं संपलं तो `end_day`, आणि कशाने संपलं ते `end`: माल निघाला तर `dispatch`, गिऱ्हाईकाने रद्द केली तर `cust`, दुकानाने रद्द केली तर `shop`. अजून लटकलेल्या ऑर्डरी असतील तर त्यांना डेटा काढल्याच्या दिवसापर्यंतचा दिवस आणि `open` अशी खूण द्या. त्या तेवढे दिवस वाट पाहत होत्या ही माहिती खरी आहे, ती फेकायची नाही. निघाल्यानंतर परत आलेली, म्हणजे आरटीओ झालेली ऑर्डर इथे ‘निघाली’ यातच मोडते.

```python
rows = []
for d in range(6):
    risk = df[df.end_day >= d]
    now = (risk if d == 5 else risk[risk.end_day == d]).end
    rows.append([d, len(risk)] +
        [(now == k).sum() for k in ("dispatch", "cust", "shop")])
```

शून्यावा दिवस म्हणजे पैसे आल्यानंतरचे पहिले 24 तास. तक्ता असा येतो:

| दिवस | वाट पाहणाऱ्या | निघाल्या | गिऱ्हाईकाने रद्द | दुकानाने रद्द |
|---|---|---|---|---|
| 0 | 1000 | 380 | 5 | 0 |
| 1 | 615 | 400 | 5 | 1 |
| 2 | 209 | 120 | 3 | 2 |
| 3 | 84 | 46 | 3 | 3 |
| 4 | 32 | 20 | 1 | 3 |
| 5 आणि पुढे | 8 | 6 | 1 | 1 |

मालक हा तक्ता पाहून म्हणतील, “बघा, एकूण 28 रद्द झाल्या आणि त्यातल्या 16 पहिल्या तीन दिवसांतल्याच. उशिराचा काय संबंध?” त्यांचं गणित बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. पहिल्या दिवशी रद्द करू शकणारी हजार माणसं होती, चौथ्या ओळीत फक्त 84. म्हणून प्रत्येक ओळीत रद्द झालेल्यांना त्या दिवशी वाट पाहणाऱ्यांनी भागायचं. दिवस शून्यला 1000 पैकी 5, म्हणजे 0.5 टक्के. दिवस एकला 615 पैकी 6, साधारण 1 टक्का. दिवस दोनला 209 पैकी 5, म्हणजे 2.4. दिवस तीनला 84 पैकी 6, म्हणजे 7.1. दिवस चारला 32 पैकी 4, म्हणजे 12.5 टक्के. वाट जितकी लांबते तितका उरलेल्या प्रत्येक ऑर्डरीचा धोका चढत जातो. सगळ्या लेखातलं मोजायचं काम हेच एक: भागाकाराखाली त्या दिवशी खरोखर वाट पाहणाऱ्या ऑर्डरीच घ्यायच्या.

शेवटच्या ओळीत 8 पैकी 2, म्हणजे 25 टक्के येतात. तो आकडा कुणाला दाखवू नका. आठातली एक ऑर्डर इकडची तिकडे झाली की तो अर्धा होतो. वाट पाहणाऱ्या पन्नासच्या खाली गेल्या की मी ओळी एकत्र करतो. इथे दिवस चार आणि पुढचे मिळून एकच ओळ केली तरी मुद्दा तसाच राहतो.

रद्द कुणी केली?

आता रद्दचे दोन रकाने वेगळे पाहा, इथेच चित्र पालटतं. फक्त गिऱ्हाईकांनी रद्द केलेल्या घेतल्या तर धोका 0.5, 0.8, 1.4, 3.6 आणि 3.1 टक्के असा जातो. चढ आहे, पण मघासारखा उभा नाही, आणि शेवटचे दोन आकडे तीन आणि एक ऑर्डरीवर उभे आहेत. दुकानाने रद्द केलेल्या मात्र पहिल्या दिवशी शून्य आणि नंतर वाढत जातात. दिवस तीनपासून पुढे एकूण 12 बुडाल्या, त्यातल्या 7 दुकानानेच रद्द केल्या.

दुकान तीन-चार दिवस थांबून स्वतःच ऑर्डर का रद्द करेल? कारण जोड नसतो. वेबसाइटवर नऊ नंबर ‘उपलब्ध’ दिसतो, पण शेवटचा जोड दुपारी काउंटरवरून एक गिऱ्हाईक पायात घालून गेलेलं असतं आणि काउंटरची विक्री वेबसाइटच्या स्टॉकमधून रात्री दुकान बंद करताना वजा होते. मग कारागिराला फोन जातो, “परवा देतो” असं उत्तर येतं, परवाचा तेरवा होतो आणि शेवटी पैसे परत. या ऑर्डरीत उशिराने रद्द होणं घडवलेलं नाही. उशीर आणि रद्द होणं ही दोन्ही एकाच गोष्टीची पिल्लं आहेत.

हे ओळखायला वेगळं मॉडेल लागत नाही. तिसऱ्या दिवसानंतर उरलेल्या 84 ऑर्डरींचे एसकेयू, म्हणजे मालाचे नंबर-रंगावार कोड, काढा आणि त्याच नंबरच्या, त्याच रंगाच्या इतर ऑर्डरी त्या आठवड्यात किती वेळात निघाल्या ते बघा. उशीर पॅकिंगमुळे असेल तर तो सगळ्या मालावर सारखा पसरतो, विशेषतः सोमवारी, कारण रविवारच्या ऑर्डरी साचलेल्या असतात. उशीर मालाच्या तुटवड्यामुळे असेल तर तो चार-दोन एसकेयूंवर गोळा झालेला दिसतो आणि बाकीचा माल वेळेत निघत असतो. आणखी एक खूण: तुटवड्याच्या ऑर्डरींना लेबल छापलेलंच नसतं. पॅकिंगच्या उशिरात लेबल असतं, स्कॅन नसतो.

गिऱ्हाईकांनी रद्द केलेल्यांतही तुटवड्याच्या ऑर्डरी लपलेल्या असतात. दुकान फोन करून सांगतं, “जोड नाही, तुम्हीच रद्द करा, पैसे लगेच मिळतील.” पॅनेलमध्ये ती गिऱ्हाईकाच्या नावावर पडते. विक्रेत्याने रद्द केल्यावर जिथे दंड बसतो किंवा रेटिंग घसरतं तिथे हे हमखास होतं. म्हणून कारणाच्या ड्रॉपडाउनवर एकट्यावर विसंबू नका, रद्द होण्याच्या दिवशी त्या एसकेयूचा खरा साठा किती होता ते सोबत पाहा.

किती ऑर्डरी वाचतील?

मालकांना शेवटी हाच आकडा हवा असतो, आणि इथे फुगवून सांगायचा मोह होतो. “तिसऱ्या दिवसानंतर 12 बुडतात, तीन दिवसांत सगळं पाठवा, 12 वाचतील” असं म्हणणं चूक. त्यातल्या 7 साठी पाठवायला मालच नव्हता. उरलेल्या 5 गिऱ्हाईकांच्या. त्याही सगळ्या वाचणार नाहीत, कारण काही जण माल वेळेत निघाला असता तरी कुरियरकडून परत पाठवतील किंवा दारातच नाकारतील. म्हणजे पॅकिंगचा वेग वाढवून हजारी फार तर 5 वाचतात, आणि काउंटरची विक्री तासाभरात वेबसाइटवर वजा केली तर 7 खोट्या ऑर्डरी मुळात येणारच नाहीत. पॅकिंगला आणखी एक माणूस ठेवायचा की काउंटरवर स्कॅनर, हा निर्णय या दोन आकड्यांवर घ्यायचा.

बदल केल्यावर पुन्हा मोजताना एक घाई टाळा. गेल्या आठवड्याच्या ऑर्डरींचा तक्ता आजच काढला तर त्यातल्या काही अजून लटकलेल्या असतात आणि रद्दचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. दोन आठवडे जाऊ द्या, किंवा `open` ऑर्डरी वर सांगितल्याप्रमाणे तक्त्यात ठेवून दिवसावार टक्केच बदलाआधीच्या टक्क्यांशी ताडून पाहा. आणि स्टॉक दुरुस्त केल्यावर येणाऱ्या ऑर्डरींची संख्या थोडी घटलेली दिसेल, कारण नऊ नंबर आता दुपारीच ‘संपला’ असं दिसू लागेल. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तिसऱ्या दिवशी स्कॅनर बंद करायला लावतील.